सामानाच्या पट्ट्याजवळचा पहिला खांब

आमच्या घरात तोंडी बोलण्याला किंमत नाही. जे कागदावर आलं तेच खरं. याचं कारण आबा. पंचवीस-सव्वीस वर्षं फौजेत काढून ते कडेगावजवळच्या आमच्या गावी परतले आणि उसाला पाणी कुठल्या वारी द्यायचं इथपासून म्हशीला लस कधी टोचायची इथपर्यंत सगळं कागदावर लिहून भिंतीला लावू लागले. लहानपणी मला याचा लय राग यायचा. मित्रांची घरं वडिलांच्या ओरडण्यावर चालायची, आमचं नोटिशींवर.

लंडनला राहणाऱ्या धाकट्या बहिणीला दिवस गेल्याचं कळलं आणि आई बाळंतपणासाठी तिकडं जाणार हे ठरलं. आबांनी जावं की नाही हा प्रश्नच नव्हता. कारखान्याची तोड जानेवारीत येणार होती आणि ऊसतोडीची टोळी रानात उतरते तेव्हा मालक बांधावर लागतो. म्हणजे आई एकटीच जाणार. सांगलीच्या पलीकडं ती एकटी कधी गेली नव्हती, असं मी तेव्हा समजत होतो.

व्हिसा आला, तिकीट निघालं आणि त्या संध्याकाळी आबांनी बहिणीला पत्र लिहायला घेतलं. "फोनवर सांगा की," मी म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं. कार्बन पेपर मागितला. वरची प्रत बहिणीसाठी, तिचा मी फोटो काढून पाठवायचा. खालची प्रत आईच्या पिशवीत.

ते पत्र कसलं, फौजेतली मूव्हमेंट ऑर्डरच होती. आशीर्वादाची एक ओळ आणि लगेच मुद्दे. विमानाचा नंबर. मुंबईहून सुटणार टर्मिनल दोनवरून, उतरणारही टर्मिनल दोनवरच. पोचण्याची वेळ तिकडच्या घड्याळानं सकाळी साडेअकरा, म्हणजे इकडं संध्याकाळचे पाच. उतरल्यावर पासपोर्टची रांग, मग सामानाची वाट बघणं, दोन्ही मिळून दीड तास धरावा. बॅगा दोन, दोन्हींना पिवळ्या कापडाची पट्टी बांधलेली. अंगावर हिरवं नऊवारी, वर राखाडी स्वेटर. फोनमध्ये तिकडचं कार्ड जावईबापूंनी भेटल्यावर घालावं, तोवर फोन बंद समजावा.

आणि सगळ्यात खाली, अधोरेखित करून, भेटीची जागा: "आपल्या विमानाचा नंबर सामानाच्या ज्या पट्ट्यावर दिसेल, त्या पट्ट्याच्या तोंडापासून डाव्या हाताचा पहिला खांब. जावईबापू तिथे घ्यायला येतील. ते येईपर्यंत जागा सोडायची नाही. अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही."

मी वाचून म्हणालो, "आबा, पट्टा आत असतोय. बाहेरच्या माणसाला आत सोडत न्हाईत."

"कोण म्हणतंय? आयुष्यभर मी रेल्वेच्या डब्यापाशी जाऊन माणसं उतरवून घेतल्यात."

"ती रेल्वे. मुंबईत तर दारातच तिकीट बघून आत सोडत्यात."

"ती जायाची बाजू. यायाची बाजू येगळी असती."

हा मुद्दा त्यांनी इतक्या खात्रीनं मांडला की क्षणभर मलाच वाटलं, असेलही. दुसऱ्या दिवशी बहिणीचा निरोप आला. बाकी सगळं बरोबर आहे म्हणाली, फक्त आईनं सामान ट्रॉलीवर ठेवून कस्टमच्या हिरव्या फलकाच्या वाटेनं सरळ बाहेर यायचं. सरकती दारं लागतील. बाहेर कठड्याशी जावई उभा असेल, आत त्याला येता येत नाही.

आबांना सांगितलं. ते गप्प झाले. चूक मान्य करायची त्यांची ती रीत. मी आईकडची प्रत घेऊन पेनानं दुरुस्त करायला लागलो तर हात धरला. "खाडाखोड केल्याला कागद कागद नसतोय. नवा लिवून देतो. उद्या आठवण कर."

उद्या तोडीची टोळी आली. तीन दिवस कोयते, बैलगाड्या, ट्रॅक्टर, जनावरांसाठी उसाचं वाढं मागायला आलेली माणसं. मी आठवण केली नाही. मुंबईच्या वाटेवर गाडीत आईला तोंडी सांगितलं, दोनदा सांगितलं. ती "व्हय व्हय" म्हणाली. विमानतळाच्या दारात चाकाची खुर्ची हवी का विचारलं, तर "माजं पाय काय मोडल्यात व्हय?" म्हणून माझ्यावरच उखडली. मग पदर खोचून, पासपोर्ट हातात धरून ती आत गेली. काचेच्या पलीकडं ती हिरवी पाठ लहान होत गेली आणि मला वाटलं, एवढ्या मोठ्या जगात आपण हे माणूस सोडून देतोय.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता जावयाचा निरोप आला, विमान उतरलं. आबांनी घड्याळ बघून मान हलवली. साडेसहा झाले. सात झाले. धारा काढून झाल्या. पावणेआठला बहिणीचा फोन आला. तिचा नववा महिना, म्हणून ती घरीच होती, आणि रडत होती. "दादा, आई बाहेर आलीच नाही. त्या विमानातले सगळे गेले. हे दोन तास कठड्याशी उभे आहेत. पासपोर्टवाल्यांनी अडवली असेल का रे? काही झालं असेल का तिला?"

मला पुढचं-मागचं काही सुचेना. आबा मात्र खाटेवर ताठ बसून होते. त्यांनी एकच विचारलं, "कागद हाय न्हवं तिच्यापाशी?"

"हाय."

"मग ती खांबापाशी हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिच्या पिशवीत जुनाच कागद होता. मी म्हणालो, "आबा, नवा कागद तुमी लिवलाच न्हाई. मी आठवणच केली न्हाई. चूक माजी हाय." वाटलं, आता कडाडतील. त्यांनी फोनकडं बोट दाखवलं.

मी बहिणीला सांगितलं, ती आत आहे, पत्राप्रमाणे. तिनं नवऱ्याला कळवलं. त्यानं तिथल्या चौकशीच्या टेबलावर जाऊन विमानाचा नंबर दिला. त्या विमानाचं सामान कुठल्या पट्ट्यावर आलं ते त्यांना लगेच समजलं. मग त्यानं आबांचं पत्रच इंग्रजीत करून सांगितलं: डावीकडचा पहिला खांब, हिरवं नऊवारी, राखाडी स्वेटर, पिवळ्या पट्ट्यांच्या दोन बॅगा. गणवेशातली एक बाई आत गेली आणि सरळ आईसमोर जाऊन उभी राहिली. ज्या पत्रानं घोळ घातला, त्याच पत्रानं सात समुद्रांपलीकडच्या त्या गर्दीत आईला हाताभरावर आणून ठेवलं.

पण बाई एकटीच परत आली. आई ठीक होती, हसली, हात जोडले, कागद काढून दाखवला आणि मान हलवली. हलायला तयार नव्हती. अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही, असं लिहिलं होतं ना.

बहिणीनं हे सांगितलं तेव्हा ती रडता रडता हसत होती. आबा हसले नाहीत. मग जे बोलले ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो.

लग्नाला दोन वर्षं झाली असताना त्यांनी आईला छावणीत बोलावून घेतलं होतं. पत्रात लिहिलं होतं, गाडीतून उतरल्यावर डब्यापाशीच थांब, जागा सोडू नकोस, मी येतो. त्या दिवशी त्यांची तुकडी अचानक बाहेर पाठवली गेली. ते सात तास उशिरा पोचले. गाडी केव्हाच निघून गेलेली. फलाटावर, डबा जिथं होता त्याच जागी, आई उभी होती. भाषा येत नव्हती. स्टेशनमास्तर दोनदा येऊन बायकांच्या खोलीत बसायला सांगून गेला होता, गेली नाही. "कडंवर तू व्हतास. सा म्हयन्यांचा," आबा मला म्हणाले. "मी आलो तर म्हनली, चला. बास. एवढंच."

मी चाळिशी ओलांडलेला माणूस, आणि माझ्या स्वतःच्या आईबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं. सांगलीच्या पलीकडं एकटी न गेलेली म्हणे! आबांचे कागद हा मी त्यांचा चक्रमपणा समजत आलो होतो. त्यांच्या शब्दावर एक बाई असा भार टाकून उभी राहत होती, म्हणून ते प्रत्येक शब्द कागदावर बांधून ठेवत होते. मला त्या दोघांची चक्क भीती वाटली, देवळात गाभाऱ्यापाशी वाटते तशी.

"कोरा कागद आण," आबा म्हणाले.

मांडीवर पाटी घेऊन त्यांनी सावकाश लिहिलं: "जागा सोडावी. या बाईंबरोबर बाहेर यावं. जावईबापू बाहेर उभे आहेत." खाली सही केली. मी फोटो काढायला फोन उचलला तर म्हणाले, थांब. सहीच्या खाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली. "उशीर झाला, माफी असावी."

फोटो बहिणीकडं गेला, तिच्याकडून जावयाकडं. त्या भल्या बाईनं जावयाकडून त्यातल्या ओळींचा अर्थ समजून घेतला, त्याच्या फोनवरून तो आपल्या फोनमध्ये टिपून घेतला आणि पुन्हा आत गेली. दहा मिनिटांनी जावयाचा व्हिडिओ कॉल आला. सरकती दारं उघडली. आई ट्रॉली ढकलत बाहेर येत होती, गावच्या बाजारातून यावं तशी, आणि ती गणवेशातली बाई तिच्या शेजारून डोळे पुसत चालली होती.

जावयानं फोन आईच्या हातात दिला. तिला सांगायची घाई झाली होती. भिंतीतल्या भोकातनं बॅगा आपसूक बाहेर येतात, द्यायला माणूस नाही, चोरायला माणूस नाही, एवढी दुनिया उतरते आणि ज्याची त्याला मिळते. "लय नवल हाय गं बया," ती म्हणाली. "पाच इमानांचं सामान बगितलं मी. पाय काय दुखलं न्हाईत." मग तिला स्क्रीनवर आबा दिसले आणि ती थांबली.

"आवं," ती म्हणाली, "कागद मिळाला. पर ती शेवटची वळ कशापायी लिवली?"

आबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"त्या टायमाचं बी त्यातच आलं का?" आईनं विचारलं.

आबांनी मान डोलवली.

"बरं," आई म्हणाली. "मग चला."

आबांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हशींना वैरण टाकायला गोठ्याकडं गेले. वैरण मघाशीच टाकून झाली होती.