टक्केताईचा स्वतःचा दस्त

उद्या अकरा वाजता थोरली कागदावर कुठली तारीख घालणार आहे, हे ती मला सांगत नाही. संध्याकाळपासून तीनदा फोन केला. पहिल्यांदा "गिऱ्हाईक आहे, आई", दुसऱ्यांदा "जेवतेय", आणि तिसऱ्यांदा एवढंच:

"तारीख टाईप झालेली आहे ना आधीच."

"टाईप झालेली म्हणजे एकतीसच ना? आज तीन तारीख आहे."

"आई, झोप आता."

तेव्हापासून मी झोपलेली नाही. गॅस बंद आहे का ते दोनदा पाहून आले. शेवटी वही काढली, कारण डोक्यात तेच तेच फिरत राहण्यापेक्षा ते कागदावर उतरलेलं बरं.

माझी थोरली नोंदणी कार्यालयासमोरच्या एका दस्तलेखकाकडे काम करते. घरांच्या खरेदीचे कागद टाईप करायचे, शुल्क काढून द्यायचं, गिऱ्हाइकाला नोंदणीच्या खिडकीपर्यंत पोचवायचं. पदवीचा निकाल लागल्यावर "तीन महिने करते" म्हणून गेली, त्याला चौदा वर्षं झाली. जागा म्हणजे एक अरुंद गाळा. दोन टेबलं, एक छपाईयंत्र, भिंतीला लागून बाक, आणि अंगठ्याची शाई पुसायला खिळ्याला टांगलेलं फडकं. मालकाला सगळे काका म्हणतात आणि हिला टक्केताई. कारण कुणी घराची किंमत तोंडातून काढायचा अवकाश, ही वरचे टक्के सांगून मोकळी होते.

"टक्केताई, छत्तीस लाखांत ठरलं बघा!"

"छत्तीसात ठरलं, पडणार किती? सहा टक्के मुद्रांक शुल्क, दोन लाख सोळा. एक टक्का नोंदणी, छत्तीस हजार. झाले अडीच लाख बावन्न... थांबा, दोन लाख बावन्न. तुमचं बोलणं ऐकून मीही चुकायला लागले. हे कर्जातून मिळत नाहीत हां, खिशातले हवेत."

"तुमच्याकडे आलं की माणूस गरीबच होऊन जातो."

"घरी जाऊन श्रीमंत व्हा. इथे खरं बोलायचं."

सोसायटीचे हस्तांतरणाचे पैसे, दलालाचा टक्का, बँकेचा खर्च, वकील, हे सगळं ती एका चिठ्ठीवर लिहून देते आणि खाली दोन रेघा मारते. लग्नाला आलेल्या एका पाहुण्याने नवीन घर चाळिसात घेतल्याचं सांगितलं, तर मंडपात ही म्हणाली, "चाळिसात नाही हो, त्रेचाळीस गेले असतील तुमचे." त्याच्या बायकोला तो आकडा ठाऊक नव्हता. मला तिथून लवकर निघावं लागलं.

हजारभर लोकांची घरं तिच्या हाताखालून गेली असतील. ती स्वतः मात्र अकरा महिन्यांच्या करारावर राहते. चौदा वर्षांत नऊ खोल्या झाल्या. तिच्या पुस्तकांचे खोके आता ती उघडतच नाही; मालक "पुढच्या महिन्यात बघा" म्हणाला की खोके तयार असतात. माझ्याकडे राहा म्हटलं तर धाकटा, त्याची बायको, दोन पोरं आणि मी अशा दोन खोल्या. तीच म्हणते, "उभी राहू का?"

या वर्षी तिने घर ठरवलं. एका निवृत्त मास्तरांचं, दुसऱ्या मजल्यावरचं. मास्तरांची बायको आजारी असते, त्यांना मुलीच्या गावी जायचंय. किंमत बेचाळीस लाख. दोन लाख विसार दिला, एप्रिलच्या पंधरा तारखेच्या आत नोंदणी करायची असं ठरलं. त्या रात्री तिने माझ्यासमोर स्वतःची चिठ्ठी केली. तो कागद माझ्याकडेच आहे. किंमत ४२ लाख. मुद्रांक शुल्क सहा टक्के, २,५२,०००. नोंदणी एक टक्का, ४२,०००. दलाल ४२,०००. सोसायटी २५,०००. बँक आणि वकील १९,०००. एकूण ४५,८०,०००. बँक बेचाळीसाचे ऐंशी टक्के देणार, ३३,६०,०००. उरलेले १२,२०,००० स्वतःचे. तिच्याकडे होते १२,३४,०००.

"चौदा हजार उरतात," ती म्हणाली. "पडदे येतील."

सही चोवीस तारखेला व्हायची होती. झाली नाही ती माझ्यामुळे. मला ते घर आणखी एकदा पाहायचं होतं. न्हाणीघराच्या भिंतीवर ओल दिसली होती, जिन्याचा कठडा हलत होता, आणि मी म्हटलं, "एवढ्या पैशांचं आहे, घाई कसली? या आठवड्यात गवंड्याला दाखवू." गवंडी अठ्ठावीसला आला, भिंतीवर टकटक करून म्हणाला, "काही नाही, मावशी, नळाचा जोड गळतोय."

दर वर्षी एप्रिलच्या एक तारखेला घरांच्या सरकारी मूल्याचे नवे दर लागतात. त्यामुळे मार्चचे शेवटचे तीन दिवस त्या गाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. थोरलीने तीस तारखेला आपलं शुल्क भरून टाकलं. दस्त टाईप करून एकतीस तारीख घातली. एकतीसला मास्तर सकाळी अकराला येऊन बाकावर बसले. पैसे भरायचं संकेतस्थळ अडकत होतं, एका जोडप्याच्या दस्तात फ्लॅटचा नंबरच चुकला होता, काका एकाच वेळी तिघांवर ओरडत होते.

"मास्तर, दहाच मिनिटं," असं ती साडेपाचपर्यंत म्हणत राहिली.

"अगं, हिची औषधाची वेळ झाली," मास्तर उठले. "मी दोन-तीन दिवसांनी येतो. पळून जातोय का मी?"

तिने त्यांना जाऊ दिलं. याचं कारण तिने मला नंतर सांगितलं, आणि ते कारण फक्त तिच्याच डोक्यात येऊ शकतं. शुल्क लागतं ते ठरलेली किंमत आणि सरकारी मूल्य यांतलं जे जास्त असेल त्यावर. तिच्या घराचं सरकारी मूल्य होतं चाळीस लाख. दर वर्षी ते दोन-तीन टक्क्यांनी वाढतं. म्हणजे अगदी पाच टक्के वाढलं तरी बेचाळीसच होणार, आणि बेचाळीसावर तर ती शुल्क भरूनच बसली होती. "मला फरकच पडत नव्हता, आई. ज्यांना पडणार होता त्यांचे दस्त आधी केले." दुसऱ्या कुणी जिवाच्या आकांताने मास्तरांचा हात धरून सही घेतली असती. हिने हिशोब केला आणि निवांत राहिली.

एक तारखेला यादी आली. नदीवरचा नवा पूल त्या भागात उतरतो, म्हणून त्या भागाचे दर पंचवीस टक्क्यांनी चढवलेत. चाळीसाचे पन्नास लाख झाले. आता सात टक्के पन्नासावर, म्हणजे साडेतीन लाख. भरलेत दोन लाख चौऱ्याण्णव. वरचे छप्पन्न हजार. तिच्याजवळ चौदा. कमी पडतात बेचाळीस हजार.

मूल्य जास्त लावलंय म्हणून अर्ज करता येतो, पण त्याला दोन-तीन महिने लागतात, आणि सौद्याची मुदत पंधराची.

काकांना यात अडचणच दिसत नाही. नियम असा आहे की सही जुन्या दरात झाली असेल आणि शुल्क तेव्हाच भरलेलं असेल, तर कागद चार महिन्यांत नोंदवला तरी जुनंच मूल्य धरतात. शुल्काची पावती तीस तारखेची आहेच. दस्तावर एकतीस आहेच. "फक्त सही राहिलीय. ती कधी केली हे शाई सांगते का?" असं काका म्हणाले म्हणे. मास्तर उद्या अकराला सहीला येणार आहेत.

हीच मुलगी गिऱ्हाइकांना सांगत आलीय, "सही ज्या दिवशी, तारीख त्या दिवशीची." मागच्या तारखेचा कागद मागणाऱ्यांना तिने बाकावरून उठवलंय. एकाने तर खाली उतरताना तिला शिव्या दिल्या. त्या दिवशीही ती घरी जाऊन जेवली आणि शांत झोपली. आज ती झोपली नसणार.

पकडली गेली तर फरकाचे पैसे, त्यावर दर महिन्याला दंड, आणि त्या रस्त्यावर पुन्हा काम मिळणार नाही. पण मला धास्ती वेगळीच आहे. कालच मी तिला विचारलं, "मास्तरांना नवं मूल्य माहीत आहे?"

"नाही."

"मग सांग त्यांना."

"सांगितलं तर ते म्हणतील, सरकारच पन्नास म्हणतंय, मी बेचाळीसला का देऊ? विसार परत करतील आणि मोकळे होतील. मग मी काय करू? दहावी खोली शोधू?"

म्हणजे एकतीस तारीख घातली की दोन गोष्टी होतात. छप्पन्न हजार वाचतात, आणि एका म्हाताऱ्या माणसाला आपल्या घराचा भाव कळत नाही. पैशांचं मी समजू शकते. दुसरं मात्र ती कशी वागवेल? त्याच न्हाणीघरात रोज तोंड धुवायचं आणि रोज बाकावर बसलेले मास्तर आठवायचे. ती विसरणारी नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला "इथे खरं बोलायचं" म्हणताना तिची जीभ अडखळेल, आणि ते तिच्याशिवाय कुणालाही ऐकू येणार नाही.

आणि यातले चार दिवस माझे आहेत. ओल माझी, गवंडी माझा. माझ्या नावावर पासष्ट हजारांची ठेव आहे. आजारपणासाठी म्हणून धाकट्यालाही सांगितलेली नाही. संध्याकाळी ती ओठांवर आली होती. बोलले नाही, कारण आधी मलाच भीती वाटली. मोडली तर माझ्याजवळ काय राहील? एवढा वेळ मी तिच्या तारखेची काळजी करतेय, आणि माझ्या पासबुकाचं पान काही उलटत नव्हतं.

ठेव मोडायला सकाळी दहाला बँक उघडते. बेचाळीस हजार काढून मी अकराच्या आत गाळ्यात पोचू शकते. मास्तरांना मात्र तिनेच सांगायला हवं, सहीच्या आधी. ते घर देतील किंवा देणार नाहीत. देणार नाहीत असं धरूनच तिने सांगायला हवं, आणि हे मी तिला उद्या बाकावर, गिऱ्हाइकांसमोर, काकांच्या कानावर पडेल असं सांगून चालणार नाही.

दोन वाजायला आलेत. धाकट्याची पोरं आतल्या खोलीत झोपलीत, म्हणून मी बाहेर जिन्यावर जाते. ती पहिल्याच घंटीला उचलेल, "आता काय, आई?" म्हणून खेकसेल. खेकसू दे. आधी पासष्ट हजारांचं सांगते, मग तारखेचं. फोन लावते.