गच्चीवर गेलेल्या फरश्या

नव्वदच्या दशकात बारामतीतल्या घराची मोरी आणि संडास आम्ही नव्याने करून घेतला. तेव्हा मी शाळेत शिकवत होते. भंगारवाल्याने पितळी नळ आणि बिडाची फ्लशची टाकी लगेच उचलली, पण संडासाच्या चिनीमातीच्या भांड्याला हात लावला नाही. त्याला कुठेच गिऱ्हाईक नव्हतं. शेवटी मजुरांनी ते घणाने फोडलं आणि भिंतीच्या फुटक्या पांढऱ्या फरश्यांच्या ढिगात टाकून दिलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या गवंड्याच्या सांगण्यावरून कळंबच्या एक मावशी आल्या. खत न्यायला आलेला पुतण्याचा ट्रॅक्टर त्यांनी दारात उभा केला होता. त्यांच्या नव्या घराचा स्लॅब गळत होता. त्यावर सिमेंटात पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवले की पाणीही मुरत नाही आणि घरही तापत नाही, असं गवंड्याने त्यांना सांगितलं होतं.

पाटी भरता भरता त्या थांबल्या. हातात एक जाड, वाकडा तुकडा होता.

"बाई, ह्यो कशाचा हाय?"

बेसिनचा म्हणाले असते तर चाललं असतं. तो शब्द जिभेवर आलाही होता. पण मावशी गच्चीवर काय करणार, हे मी आधी विचारलं होतं आणि कुरडया वाळत घालणार, असं त्या म्हणाल्या होत्या. मी खरं ते सांगितलं.

मला वाटलं, आता मावशी फरश्या न घेताच जाणार. त्यांनी तुकडा खाली ठेवला, पदर खोचला आणि ढिगापाशी बसल्या. फरशीचा तुकडा सपाट असतो, पाठ खरबरीत असते आणि तिला सिमेंट चिकटलेलं असतं. भांड्याचा तुकडा वाकडा, जाड आणि बहुतेक दोन्हीकडून गुळगुळीत. हे त्यांनी दोन-चार तुकडे चाचपून स्वतःच ओळखलं. मग मीही शेजारी बसले. जिथं मला शंका येई तिथं त्या तुकडा उलटा करून पाठीवर अंगठा फिरवत. आपल्याच मोरीच्या फरशीची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

फरश्या भरून झाल्यावर भांड्याचे तुकडे त्यांनी वेगळ्या पोत्यात भरले. आता हे कशाला, मी विचारलं.

"रानाच्या वाटंला खड्डा पडलाय. तळाला ह्ये टाकू, वर मुरूम. तितनं समदी चप्पल घालूनच जात्यात."

विटांचा राडारोडाही त्याच खड्ड्यासाठी गेला. माझं अंगण रिकामं झालं.

उन्हाळ्यात त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. भर दुपारी गच्चीवर गेले तर डोळे दिपले. चप्पल जिन्यातच काढायला लावली होती, म्हणून बिचकतच पाय ठेवला. चटका बसेल वाटलं होतं, पण सहज उभं राहता येत होतं. एका बाजूला अंथरलेल्या जुन्या धोतराच्या पानावर कुरडया वाळत होत्या. मावशींनी त्यातली एक मोडून माझ्या हातावर ठेवली आणि वाळली का बघा म्हणाल्या.