एन. बी. साळुंखे यांच्या नावाचा दाखला

नाथाजी साळुंखे सांगलीतल्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि फोरमन झाले. माणूस मितभाषी. रहिमतपूरजवळच्या त्यांच्या गावची काही जमीन सरकारी तलावात गेली, तेव्हा मिळालेली भरपाई दोघा भावांनी निम्मीनिम्मी वाटून घेतली. नाथाजींनी आपल्या वाट्याचे दीड लाख सांगलीत बँकेत मुदत ठेवीत ठेवले. धाकटा शंभूराज गावाकडंच राहिला. त्याच्या हिश्श्यातून त्यानं उरलेल्या रानात विहीर पाडली, मोटार बसवली.

मी तेव्हा सांगलीच्या गावभागात लोकांचे आयकराचे कागद करून द्यायची. नाथाजींचं रिटर्न दोन वर्षं मीच भरत होते. एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये ते आले, तेव्हा सोबत शंभूराज होता. बियाण्यासाठी सांगलीला आलेला, भावाबरोबर सहज माझ्या कचेरीचा जिना चढून आला होता.

"ताई, औंदा कायतरी परत मिळंल म्हणत्यात कारखान्यातली लोकं," नाथाजी म्हणाले. "विम्याची पावती मी हापिसात द्यायची इसरलो. पगारातनं जादा कापलंय."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. कारखान्यानं दिलेल्या सोळा नंबरच्या फॉर्मवर पगारातून तीन हजार ऐंशी रुपये कर कापल्याचं होतं. त्यात भविष्यनिर्वाह निधीची सूट धरली होती, विम्याच्या हप्त्याची नव्हती. मी ती धरली. मग बँकेचा दाखला घेतला, व्याजातून कापलेल्या कराचा. त्यावर व्याज बेचाळीस हजार, कापलेला कर चार हजार दोनशे.

मी आकडा पुन्हा वाचला. आदल्या वर्षी व्याज अठरा हजार होतं.

व्याजातले बारा हजार माफ, बाकीचं पगाराला जोडलं. एकूण कर आला आठ हजार. दोन्हीकडचा मिळून कापला होता सात हजार दोनशे ऐंशी. म्हणजे परत मिळणं दूरच, सातशे वीस रुपये वर भरायला लागत होते.

मी हिशेब सांगितला आणि तोंडातून निघून गेलं, "नाथाजीराव, नवी ठेव केलीत का? दोन लाखांची दिसतेय."

मला तेव्हाच कळायला हवं होतं की समोर भाऊ बसलाय.

शंभूराजनं मान वर केली. "दोन लाख?"

"न्हाई वो ताई. माजी येकच ठेव हाय. दीड लाखाची."

"मग ह्यो कागद काय खोटं बोलतोय व्हय?" शंभूराजचा आवाज चढला. "दादा, भरपाईच्या सायबाकडं तूच जात हुतास. मला म्हणलास दोगांचं सारकं. माझ्या वाट्यातलं किती दाबलंस?"

नाथाजींनी पिशवीतून ठेवपावती आणि पासबुक काढून माझ्यापुढं ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

चूक माझी होती. मी बेरजेवर गेले होते, ओळी बघितल्याच नव्हत्या. आता दाखला आणि पासबुक शेजारी मांडलं आणि पट्टी धरून एकेक ओळ जुळवायला घेतली. दाखल्यावर दर तिमाहीला दोन नोंदी होत्या. एक साडेचार हजार व्याजाची, तीवर साडेचारशे कर. दुसरी सहा हजारांची, तीवर सहाशे. पासबुकात मात्र तिमाहीला एकच रक्कम जमा झाली होती, चार हजार पन्नास. साडेचार हजारांतून साडेचारशे गेले की चार हजार पन्नासच उरतात. पहिल्या चारही नोंदी पैशानं पैसा जुळल्या. दुसऱ्या चार नोंदींचा पत्ताच नव्हता.

"हे बघा," मी शंभूराजला म्हणाले, "हे व्याज यांच्या खात्यात आलेलंच नाही."

"दुसरं पासबुक आसंल की," तो म्हणाला. "घरात ठिवलं आसंल."

त्याचंही म्हणणं खोडता येत नव्हतं. कागदावर नाव होतं एन. बी. साळुंखे. नाथाजी बापू साळुंखे. मी पेनाचं टोपण लावलं, छत्री घेतली. "चला बँकेत. तिघंही चला."

वाटेत नाथाजी पुढं, शंभूराज दहा पावलं मागं.

बँकेतल्या ठेवींच्या टेबलावरच्या बाईंनी आधी आम्हाला बसवून ठेवलं. मी आठ नोंदींचा कागद त्यांच्यापुढं ठेवून म्हटलं, "एवढ्या चार नोंदी कुठल्या ठेवीच्या आहेत, ते फक्त बघा." त्यांनी मोठं खतावणीचं पुस्तक काढलं, बोट फिरवत गेल्या आणि एका पानावर थांबल्या.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "हे नानासो बाबुराव साळुंखे. निवृत्त शिक्षक. हेही एन. बी.च. दोघांचा एकच दाखला निघालाय. मास्तर दोनदा येऊन गेले दाखल्यासाठी. आम्ही म्हणालो, पोस्टानं पाठवलाय."

त्यांनी शंभूराजला पुस्तक फिरवून दाखवलं नाही, दाखवायची गरजही नव्हती. नाव त्यानं ऐकलं होतं. तो खांबाला टेकून उभा राहिला. मग बाहेर जाऊन पायरीवर बसला.

चार दिवसांनी बँकेतून दोघांना वेगवेगळे दाखले मिळाले. नाथाजींच्या दाखल्यावर व्याज अठरा हजार, कर अठराशे. नवा हिशेब केला. कर बत्तीसशे, कापलेला चार हजार आठशे ऐंशी. परत यायचे सोळाशे ऐंशी. सोळा नंबरचा फॉर्म आणि बँकेचा नवा दाखला रिटर्नला टाचला आणि आयकर कार्यालयात पोच शिक्का घेतला.

पण नाथाजी तेवढ्यावर थांबले नाहीत. बँकेतून त्यांनी मास्तरांचा पत्ता मागून घेतला होता. विश्रामबागेकडं राहायचे. रविवारी नाथाजी मास्तरांना माझ्याकडंच घेऊन आले. बारीक, वाकलेले मास्तर, हातात नवा दाखला.

"यांचं बगा ताई. यांचंबी कापलंय."

मी बघितलं. निवृत्तिवेतन आणि व्याज मिळून मास्तरांचं करपात्र उत्पन्न चाळीस हजारांच्या खालीच होतं. त्यांना कर लागतच नव्हता. चोवीसशेच्या चोवीसशे परत मिळायचे होते.

"मला वाटलं, सरकारनं कापलं म्हणजे गेलं," मास्तर म्हणाले. "आमच्या हिच्या औषधाला दर महिन्याला उसनवारी चाललीय."

मी त्यांचं रिटर्न भरलं. पुढच्या वर्षाकरता पंधरा-एचचा फॉर्मही लिहून दिला, म्हणजे कर लागत नसल्याचं बँकेला आधीच कळेल आणि ती कापणार नाही. नाथाजींनी तो बँकेत स्वतः नेऊन दिला. मी फी घेतली नाही, तर त्यांनी वाद घातला आणि निम्मी टेबलावर ठेवूनच गेले.

रिफंडचा धनादेश फेब्रुवारीत आला, वर थोडं व्याजही. ते सांगायला नाथाजी आले, तेव्हा मी शंभूराजबद्दल विचारलं.

"दिवाळीला आलता," ते म्हणाले. "न बोलताच जेवला. मग म्हणला, दादा, आरं मी लय वंगाळ बोललो."

"आणि तुम्ही?"

"मी म्हणलं, कागदच तसा हुता रं." त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. "पण ताई, खरं सांगू का? तो कागद नसता तरी त्याच्या मनात ते हुतंच. वाटणीपासनं हुतं. बोलला त्ये बरं झालं. आता न्हाई राहिलं."

मग उठले, पायात चपला घातल्या आणि जिना उतरताना म्हणाले, "मास्तरांचं अजून आलं न्हाई. जरा चौकशी करता का?"

मी करते म्हणाले. मार्चमध्ये मास्तरांचंही आलं.