किसनदादांच्या नावाचा मेल

अमिरातीतल्या फुजैराच्या किनाऱ्यावरून पाहिलं की समुद्रात जहाजं रांगेनं नांगर टाकून उभी दिसतात. तेल भरायला आलेली असतात. त्यांना तांदूळ, अंडी, भाजी, साबण, दोरखंड असं सगळं लागतं, आणि ते पोचवणारं आमचं छोटंसं दुकान आहे. मी तिथं पिकअप चालवतो. किसनदादा आमचे स्टोअरकीपर.

दादा दापोलीकडचे. आधी बारा वर्षं अबुधाबीतल्या रुवैसला होते, रिफायनरी बंद ठेवून दुरुस्ती करतात त्या शटडाऊनच्या कामांवर. ग्राइंडर, हातोडे, हवेचे कॉम्प्रेसर, दिवसभर तेच आवाज. नियम होता, पण कानात बोळे घालायचा सगळ्यांनाच कंटाळा. त्या बारा वर्षांत त्यांचे कान गेले. पूर्ण नाही, पण बरेच. फुजैराला आल्यावर त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही. मला वाटायचं, हा माणूस जरा तुटक आहे. हाक मारली तरी बघायचा नाही.

ऑर्डर फोनवरच यायच्या. कधी फिलिपिनो कुक, कधी युक्रेनचा चीफ ऑफिसर, पलीकडे वारा आणि इंजिनाची घरघर. दादा फोन कानाला दाबून "यस सर, यस सर" म्हणत वहीत लिहायचे.

मार्चमध्ये एका टँकरच्या कुकनं अंड्यांचे पन्नास ट्रे मागितले. दादांना 'फिफ्टी'चं 'फिफ्टीन' ऐकू आलं, म्हणजे पंधरा. मी पंधरा ट्रे जेट्टीवर नेले, तिथून बोटीनं ते जहाजावर गेले आणि संध्याकाळी जहाज ब्राझीलच्या वाटेला लागलं. बावीस माणसं आणि महिन्याभराचा प्रवास. दुसऱ्या दिवशी जहाजाच्या कंपनीचं रागाचं पत्र आलं.

मालक यहया वाईट माणूस नाही. ओरडलाही नाही. नुसतं म्हणाला, "किसन, कल से फोन तुम मत उठाओ."

दादा गोडाऊनमध्ये जाऊन तांदळाच्या पोत्यावर बसले. मी मागोमाग गेलो. तेव्हा पहिल्यांदा ते बोलले. "धनंजय, मला ऐकू येत नाही रे. आता फोन नाही, उद्या काम नाही. खलास."

हे बोलणं दारात उभ्या असलेल्या मनालीनं ऐकलं. मनाली आमची डिस्पॅचची मुलगी, शारजात वाढलेली. आईवडील साताऱ्याचे, पण ही निम्मं इंग्रजीतच बोलते. ती दादांच्या समोर येऊन, तोंड दिसेल अशी उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "काका, मग ऑर्डर ऐकायचीच कशाला? लिहूनच येऊ दे ना. Online form. जहाजावर हल्ली नेट असतं."

"मला कॉम्प्युटर येत नाही गं."

"मला येतो. पण फॉर्ममध्ये काय विचारायचं, ते तुम्हालाच माहीत आहे."

हे वाक्य दादांना लागलं, चांगल्या अर्थानं. दुपारी दोघं टेबलाशी बसले. जहाजाचं नाव, नांगराची जागा, निघण्याची तारीख आणि वेळ, ईमेल. मनालीनं मालासाठी एकच मोकळी चौकट ठेवली होती. दादा म्हणाले, "असं नको. आकडा वेगळा, माप वेगळं. ट्रे, कार्टन, किलो, ज्याचं त्यानं निवडायचं. नाहीतर कुणी नुसतं 'एग्ज फिफ्टी' लिहील. पन्नास अंडी की पन्नास ट्रे?" मनालीनं लगेच बदललं.

मग तिनं झॅपियर नावाची वेबसाइट उघडली. तिनं दादांना समजावलं ते मीही ऐकत होतो. फॉर्म एका जागी, ऑर्डरींची यादी ठेवायची शीट दुसऱ्या जागी, मेल तिसऱ्या जागी, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. झॅपियर मध्ये उभं राहून निरोप पोचवतं. फॉर्म भरला गेला की ते जागं होतं आणि ठरवून दिलेलं काम करतं. अशा एका जोडणीला झॅप म्हणतात; मोफतच्या प्लॅनमध्ये एका झॅपला दोनच पायऱ्या मिळतात, म्हणून तिनं दोन झॅप केले. पहिला, फॉर्म आला की शीटमध्ये नवी ओळ. दुसरा, फॉर्म आला की आमच्या जीमेलवरून जहाजाला कन्फर्मेशन, म्हणजे ऑर्डर मिळाल्याचा मेल. फॉर्ममधलं कुठलं उत्तर शीटच्या कुठल्या रकान्यात जाणार, हे तिनं एकेक करून जोडलं.

"मेलमध्ये पूर्ण ऑर्डर परत लिही," दादा म्हणाले. "आम्हाला हे असं कळलंय, चूक असेल तर सांगा, असं."

मनालीनं स्वतः फॉर्म भरून पाहिला. शीटमध्ये ओळ उमटली, मेलही आला. दादांनी स्क्रीनवर बोट ठेवून अक्षरं वाचली आणि हसले. फॉर्मची लिंक सगळ्या जहाजांना गेली.

दोन दिवसांत तीन ऑर्डर आल्या. दादा शीट बघून माल काढू लागले. पण फोन थांबेनात. मी उचलायचो. पलीकडून एकच प्रश्न, ऑर्डर मिळाली का? मी "यस, यस" म्हणून ठेवून द्यायचो. तिसऱ्या फोनानंतर दादांनी विचारलं, "काय म्हणतात?" मी सांगितलं.

ते सरळ मनालीकडे गेले. "पोरी, मेल जातो, तर हे विचारतात कशाला? तो मेल जातो कुणाकडे?"

"काका, त्यांनाच. टेस्ट केलं होतं ना."

"टेस्टला नाव कुणाचं होतं?"

मनालीनं स्वतःचा मेल उघडला. तिन्ही जहाजांची कन्फर्मेशन तिथं पडून होती. 'टू'च्या चौकटीत तिनं स्वतःचा पत्ता टाइप केला होता. फॉर्ममध्ये भरलेला ईमेल तिथं जोडायचा राहून गेला होता. टेस्टचा फॉर्मही तिनंच भरलेला, म्हणून सगळं बरोबर दिसलं.

"Oh my God, sorry काका. माझीच चूक."

"चूक माझ्याकडूनही झालीय की," दादा म्हणाले. "तुझ्या चुकीनं तरी जहाज कमी अंडी घेऊन समुद्रात गेलं नाही."

तिनं पत्ता पुसला, तिथं फॉर्मचा ईमेल जोडला, या वेळी माझ्या ईमेलनं टेस्ट केलं आणि बदल पुन्हा पब्लिश केला. माझ्या फोनवर मेल वाजला. मग तिन्ही जहाजांना तिनं हातानं मेल पाठवले.

तासाभरात एका जहाजाचं उत्तर आलं. ऑर्डर बरोबर आहे, पण आम्ही परवा नाही, उद्या दुपारी बारालाच निघतोय. दादांनी मला हाक मारली, "यल्ला, चल धनंजय!" आम्ही दोघांनी मिळून माल भरला. सकाळी सातला मी जेट्टीवर होतो, साडेनऊला माल जहाजावर. मेल गेला नसता तर परवा आम्ही रिकाम्या पाण्याकडे बघत बसलो असतो.

यहयानं दादांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना दिसेल असं तोंड करून म्हणाला, "किसन, ऑर्डर का काम अब तुम्हारा. फोन धनंजय देखेगा."

आठवड्यानं मनालीनं मेलच्या शेवटी एक ओळ घातली. खाली दादांचं नाव, स्टोअरकीपर म्हणून. दादांना सांगितलं नव्हतं. मग जहाजांवरून उत्तरं यायला लागली, "थँक यू, मिस्टर किसन." पहिलं आलं तेव्हा दादांनी ते दोनदा वाचलं. डोळे पुसून म्हणाले, "बारा वर्षं रुवैसला काम केलं, कुणी नावानं आभार मानले नव्हते. हे सगळं तुझ्यामुळं, बाळा."

"मी फक्त जोडलं, काका. तो मेल जातो कुणाकडे, हे तुम्ही विचारलंत."

त्या शुक्रवारी मी दादांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. रिसेप्शनवरच्या मुलीला ते आपणहून, मोठ्यानं म्हणाले, "मुझे कम सुनाई देता है, जरा सामने देखकर बोलिए."