हँडल मागाहून बसवलेलं

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मावशी तोंडानं फटकळ, पण नजरेच्या पक्क्या. एकदा एक बाई आपल्या वारलेल्या आईची मशीन घेऊन आल्या.

"हातमशीन आहे. कंपनी ठाऊक नाही," त्या म्हणाल्या.

"बिल्ला पडलाय, पण त्याचा लंबगोल ठसा आणि अंगावरचा नंबर सांगतोय, सिंगर आहे. आणि हातमशीन कसली डोंबलाची? हँडल दुसऱ्याच कंपनीचं, मागाहून बसवलेलं. मोटार लावल्याची खूण नाही. चाकाची खाच बघा, चामडी पट्ट्यानं झिजून गुळगुळीत झालीय. ही वर्षानुवर्षं पायानं चालवलीय."

बाईंनी चाकाच्या खाचेवरून बोट फिरवलं.

"पायानं? मी तर आईला कधी उभी राहिलेलीही पाहिली नाही."