पाव मिनिट आणि पूर्ण मिनिट

१९७६ सालचा डिसेंबर, रविवार सकाळ. दोन दिवसांपूर्वी पुण्याहून अठ्ठेचाळीस रुपयांना आणलेला स्टेथोस्कोप माझ्या गळ्यात होता. पिंपरीच्या आमच्या दोन खोल्यांत त्या वेळी हजर होतो ते वडील, मी, माझी पत्नी आणि धाकटा भाऊ.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. चिखलीची शेती थोरल्या चुलत्यांकडे सोपवून ते माझ्याकडे राहायला आले होते. त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत. डॉक्टरांनी ठोक्यांचा वेग आवरणारी डिगॉक्सिनची गोळी दिली होती आणि बजावलं होतं की रोज सकाळी गोळी देण्याआधी छातीवर ठोके मोजायचे, पूर्ण एक मिनिट. साठापेक्षा कमी भरले तर गोळी द्यायची नाही, त्यांना कळवायचं. कुठे ऐकायचं तेही त्यांनी बोट ठेवून दाखवलं होतं: डाव्या स्तनाच्या खाली, पाचव्या आणि सहाव्या फासळीच्या मध्ये. ‘लब’ आणि ‘डब’ असे दोन आवाज मिळून एक ठोका धरायचा.

मी दादांना पाच मिनिटं पडून राहायला सांगितलं, रेडिओ बंद केला आणि हातातल्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर ठेवून मोजलं. सत्तावन्न भरले.

गोळी बशीत काढून ठेवलेली होती. ती तिथेच राहिली.

भाऊ चिंचवडच्या एका कारखान्यात टाइम स्टडीला होता. कोणत्या कामाला किती सेकंद लागतात हे मोजून कामगारांचा दर ठरवायचा, हा त्याचा रोजचा धंदा. त्याने स्टेथोस्कोप माझ्याकडून घेतला. पंधरा सेकंद मोजले, सतरा ठोके. चारने गुणले, अडुसष्ट.

तो मला म्हणाला, “तू मिनिटभर मोजत बसलास आणि मध्येच कुठेतरी चुकलास. देऊन टाक गोळी.”

मी म्हटलं, पुन्हा मोज. दुसऱ्या वेळी तेरा आले, म्हणजे बावन्न. तिसऱ्या वेळी पंधरा, म्हणजे साठ. त्याने तिन्हींची सरासरी काढली. बरोबर साठ. साठापेक्षा कमी नाहीत, म्हणजे द्यायला हरकत नाही, असं त्याचं म्हणणं. कारखान्यात तो असंच करतो, आणि आजवर कोणी तक्रार केलेली नाही म्हणे.

आकड्यांचा मला आदर आहे, पण त्या सकाळी मला एकही आकडा खरा वाटेना. मी पुन्हा पूर्ण मिनिट मोजलं, अठ्ठावन्न. मग मी स्वतःलाच विचारू लागलो की दोन ठोके लागोपाठ आले तेव्हा मी एकच तर नाही ना धरला? गोळी चुकवली आणि दादांना धाप लागली तर? दिली आणि हृदय आणखी मंदावलं तर? चुकीची बाजू कुठली हेच मला ठरवता येईना.

दादा छाती उघडी टाकून पडले होते. ते म्हणाले, “मला थंडी वाजतीया. तुमची बेरीज व्हईस्तोवर अंगावर कायतरी टाका.”

पत्नीने त्यांच्यावर घोंगडी घातली. तीच म्हणाली की दादांनी आजचा चहासुद्धा तसाच ठेवलाय, दोन दिवस अन्नाच्या वासानं त्यांना मळमळतंय. मी ते थंडीवर ढकललं होतं. आता आठवलं, मळमळलं, जेवण सुटलं तर लगेच या, असंही डॉक्टर म्हणाले होते.

गोळी मी बाटलीत परत टाकली आणि भावाला रिक्षा आणायला पाठवलं.

डॉक्टर दवाखान्याच्या वरच राहत. त्यांनी माझे आणि भावाचे आकडे ऐकून घेतले, भावाची कारखान्यातली पद्धतही. मग आपल्या कंपाउंडरला दादांचं मनगट धरायला लावलं, स्वतः छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, आणि दोघांनी एकाच घड्याळावर एकाच मिनिटात मोजलं. छातीवर छप्पन्न, मनगटावर एकोणपन्नास.

भाऊ चक्रावला. “सात गेले कुठे?”

काही ठोके इतके लवकर आणि अशक्त पडतात की ते मनगटापर्यंत पोचतच नाहीत, डॉक्टर म्हणाले. म्हणून छातीवर ऐकायचं. “आणि तुमच्या मशीनचा प्रत्येक फेरा सारखा असतो. यांचा नाही. पाव मिनिटात लागोपाठचे ठोके सापडले की चारने गुणून तीच चूक चौपट होते. सरासरीचं साठ येणं हा योगायोग.”

आज गोळी दिली नाही हे बरं केलंत, असं ते म्हणाले. ती बंद ठेवून दुसऱ्या दिवशी हृदयाचा आलेख काढायला त्यांनी पुण्याला चिठ्ठी दिली. गोळी शरीरात साठली असावी असा त्यांचा अंदाज होता, पण आलेख पाहिल्याशिवाय ते ठाम काही बोलेनात. मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच उत्तर.

दादांनी बंडी घातली आणि भावाकडे पाहिलं. “कारखान्यातल्या लोकांचं बी असंच मोजतोस व्हय रं?”

तपासणीचे दहा रुपये मी डॉक्टरांना दिले. जाण्यायेण्याचे साडेचार रुपये भावाने रिक्षावाल्याला दिले, आणि माझ्याकडून घेतले नाहीत.