थोरलीआईची फ्रेम

माझी आजी, जिला आम्ही सगळे आक्का म्हणायचो, तिच्या जावेशी तेवीस वर्षं भिंतीमार्फत बोलली. निपाणीजवळच्या आमच्या गावात घराची वाटणी झाली, पाटा-वरवंटा कुणाकडे जायचा यावरून दोघींचं बिनसलं आणि मधे भिंत उठली. त्यानंतर आक्का भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "काही लोकांची म्हस सुटलीया, वैरण खायला लागलीया." पलीकडून उत्तर यायचं, "ज्यांचं डोळं धड हाईत त्यांनी बांधावी." मग आक्का जाऊन म्हैस बांधून यायची. म्हैस जावेची, दावं जावेचं, पण बांधायची आक्काच.

त्या जावेला आम्ही थोरलीआई म्हणायचो. मूलबाळ नव्हतं, नवरा आधीच गेलेला. गेल्या वर्षी ती गेली तेव्हा बाराव्याला फोटो ठेवायचा प्रश्न आला, आणि मी स्वतःहून पुढे झालो. मी बेळगावात अनगोळला राहतो, विम्याच्या ऑफिसात काम करतो. ऑफिसच्या निरोप समारंभांचे फोटो मीच काढतो. एवढ्या भांडवलावर मला फोटोतलं सगळं कळतं, असं निदान मला तरी वाटत होतं.

थोरलीआईच्या ट्रंकेत एका पाकिटात पाच फोटो निघाले. त्यातला एक मला बघताक्षणी पसंत पडला. कुणाच्या तरी लग्नातला, रंगीत, हसरा. मी तो जमिनीवर ठेवून मोबाईलने फोटोचा फोटो काढला. कागद खरबरीत होता, जवळून बघितलं की चेहऱ्यावर बारीक दाणे दिसायचे. मी मोबाईलमधल्या एका सोयीने ते दाणे घालवले. दाण्यांबरोबर सुरकुत्या गेल्या, हनुवटीवरची चामखीळ गेली, रंगही दोन छटा उजळला. मागे निळं आभाळ टाकलं आणि मोठ्या अभिमानाने आक्कासमोर धरलं.

आक्काने मोबाईल लांब धरला, जवळ धरला.

"कुणाच्या घरची रं ही?"

"आक्का, थोरलीआई आहे."

"व्हय? मग बरी झाली की मरून." तिने मोबाईल परत दिला. "बाळू, उद्या मला निपाणीला घिऊन चल. फोटो मी निवडीन त्यातला."

मला तेव्हाच शंका आली. तेवीस वर्षांचा राग, आणि निवड आक्काच्या हातात.

निपाणीचे मल्लाप्पा फोटोवाले वयाने माझ्या वडिलांएवढे. मी त्यांना सांगायला सुरुवात केली की मला यातलं थोडंफार कळतं. त्यांनी कानडीत "हौदु, हौदु", म्हणजे हो हो, म्हणत मान हलवली आणि माझ्या हातातलं पाकीट काढून आक्कासमोर ठेवलं. मग मऊ ब्रशने एकेका फोटोवरची धूळ झाडली. मी मदत म्हणून ओला रुमाल पुढे केला, तर माझा हात त्यांनी मधेच धरला. "पाणी लावलं तर तोंडच निघून येतंय, साहेब."

पहिला फोटो लग्नाच्या घोळक्यातला. त्यात थोरलीआईचा चेहरा हरभऱ्याच्या डाळीएवढा. "बारा बाय पंधराला वाढवलं तर नाक कुठं, डोळा कुठं कळायचं न्हाई. निगेटिव्ह हाय काय?" निगेटिव्ह नव्हती. दुसरा जुन्या चौकटीतून काढलेला, पण अजून काचेला चिकटून बसलेला. ओढला असता तर अर्धा गाल काचेवरच राहिला असता. तिसऱ्यावर कुठल्या तरी कचेरीचा गोल शिक्का, बरोबर ओठांवर. चौथा माझा लाडका. मल्लाप्पांनी तो यंत्राच्या काचेवर पालथा घातला आणि पडद्यावर मोठा करून दाखवला. सगळा चेहरा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. "ह्यो कागदच तसा. दाणं काढलं की माणूस पण निघून जातंय."

मी मोबाईल खिशात घातला.

पाचवा काळा-पांढरा, गुळगुळीत कागदाचा. दाराच्या चौकटीत तरुणपणीची थोरलीआई उभी, पदर खोचलेला, भुवया एकत्र, तोंड अर्धवट उघडं, सरळ आपल्यावर ओरडत असलेली. चेहरा मात्र अंगठ्याएवढा आणि लख्ख. कागदाला घडी पडली होती, पण ती खांद्यावरून गेलेली.

"ह्यो," आक्का म्हणाली.

"आक्का, अगं चिडलीय ती यात."

"दिसतंय मला."

"लोक काय म्हणतील? बाराव्याला नंदगडचे तिचे भाऊ येणार. त्यांना वाटेल मुद्दाम लावला."

"वाटू दे."

मी मल्लाप्पांकडे आशेने बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "फोटो ह्योच चांगला येतोय, आक्का. घडी बुजवतो. चामखीळ ठेवू काय काढू?"

"ठेवा."

"आणि कुंकू? जाताना त्या विधवा हुत्या म्हणून इचारलं. काही लोक काढाय लावत्यात."

आक्काने फोटो स्वतःकडे ओढला. "हुतं तसं ऱ्हाऊ द्या. फोटोत तर ऱ्हाऊ द्या."

मल्लाप्पांनी बिनचमकीच्या कागदावर प्रिंट काढली. भोवतीने जाड पांढऱ्या पुठ्ठ्याची पट्टी ठेवली, म्हणजे काच फोटोला टेकणार नाही आणि ओल धरून चिकटणार नाही. मी विचारलं, पुठ्ठा शोभेसाठी का? ते नुसते हसले.

आता माझा शहाणपणा सांगून टाकतो. बेळगावला परतल्यावर मी माझ्या निळ्या आभाळवाल्या थोरलीआईचीही फ्रेम करून घेतली, गुपचूप. बाराव्याला ती पिशवीत घेऊन गेलो. नंदगडचे भाऊ नाराज झालेच, तर पटकन बदलता यावी म्हणून.

भाऊ आले. एकटेच, सत्तरीपुढचे, शेतकरी, नंदगडहून खानापूरमार्गे दोन गाड्या बदलून आलेले. खुर्चीवर हार घातलेली फ्रेम होती. ते तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले आणि बराच वेळ तसेच राहिले. मी पिशवीची गाठ सोडायला लागलो.

"थोरली लई रागावलीया," ते हळूच म्हणाले. "वरीसभर आलो न्हाई भेटाय. म्हणून बघती व्हय अशी."

आक्का त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तांब्या त्यांच्या हातात देत ती म्हणाली, "तुमच्यावर न्हाई, आण्णा."

तिने फ्रेमकडे बघितलं नाही. "बाळूच्या बापाचं बारसं हुतं. फोटूवाला पाळण्याचा फोटू काढत हुता. मी बारा दिवसांची बाळंतीण, अंगात ताप, आणि भरलेली घागर उचलायला गेलती. ती दारात आली आणि वरडली, ठेव ती खाली, मराय झालीस काय. त्यो वळला आणि बटण दाबलं." आक्काने पदराने तोंड पुसलं. "नंतर लई वर्सं भांडली माझ्याशी. पण माझी आई गेल्यावर मला मरू नगं म्हणणारी तीच एकटी."

मी पिशवीची गाठ पुन्हा बांधली.

भाऊ पाणी प्यायले. "म्हणजे माझ्यावर न्हाई?"

"न्हाई," आक्का म्हणाली. "ती माझ्यावर रागावलीया. तुम्ही जेवून घ्या."